फेसबुक डिलीट केल्यावर बंद होणारी इतर दारं

फेसबुकचं खातं कायमचं डिलीट करायला निघालं की कंपनीच्या मदतपानावर परिणामांची एक यादी वाचायला मिळते. फोटो, पोस्ट, व्हिडिओ परत मिळणार नाहीत, मेसेंजर वापरता येणार नाही. हे सगळं अपेक्षितच असतं. त्याच यादीत आणखी एक सूचना आहे. स्पॉटिफाय किंवा पिंटरेस्टसारख्या ज्या अ‍ॅपवर फेसबुकच्या खात्याने नाव नोंदवलं असेल, तिथे यापुढे फेसबुकने लॉगिन करता येणार नाही आणि ती खाती परत मिळवायला त्या त्या कंपनीशी बोलावं लागू शकेल. खातं डिलीट करायचं हे मनाशी पक्कं झालेला माणूस ही सूचना सहसा ओलांडून पुढे जातो. त्याचा वैताग फेसबुकवर असतो. गाण्याच्या, खेळाच्या किंवा लिखाणाच्या अ‍ॅपशी त्याचं काही भांडण नसतं, त्यामुळे तिथलं काही बिघडेल असं त्याच्या मनातही येत नाही.

बिघडतं ते लगेच दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

एक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, साताऱ्याच्या एका गृहिणीने २०१४ मध्ये फक्त मोबाइल नंबर देऊन फेसबुक सुरू केलं. ईमेल तेव्हा तिच्याकडे नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही. पुढे २०१७ मध्ये तिने कथा लिहिण्या-वाचण्याचं एक अ‍ॅप उतरवून घेतलं. पहिल्याच पडद्यावर निळं बटण होतं, Continue with Facebook. तिने ते दाबलं आणि दोन क्षणांत आत गेली. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. पुढच्या काही वर्षांत तिने तिथे एक लांबलचक कथामालिका लिहिली. नेमाने वाचणारे वाचक मिळाले, प्रत्येक भागाखाली अभिप्राय येऊ लागले. मग एका १ जूनला, फेसबुकवरच्या मनस्तापाला कंटाळून तिने ते खातं कायमचं डिलीट करण्याची विनंती नोंदवली.

त्या दिवशी काहीच झालं नाही. कथेचं अ‍ॅप फोनवर नेहमीसारखं उघडलं. फेसबुक अशा विनंतीनंतर ३० दिवस थांबतं आणि तेवढ्यात परत लॉगिन केलं तर निर्णय फिरवता येतो. १ जुलैला ती मुदत संपली आणि खातं परत आणण्याचा मार्ग बंद झाला. तरीही कथेचं अ‍ॅप चालूच होतं. तिने जुलैत दोन भाग लिहिले, ऑगस्टमध्ये तीन. गणपतीत मुलाने नवा फोन घेऊन दिला, तिने त्यावर अ‍ॅप उतरवून घेतलं आणि सवयीने निळं बटण दाबलं. फेसबुकने नंबर आणि पासवर्ड मागितला, तिने दिला, उत्तर आलं की असं खातं नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून तिने त्याच नंबरवर नवं फेसबुक खातं काढलं आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी अ‍ॅप उघडलं, पण तिचं स्वागत नवी वाचक म्हणून झालं. तिच्या नावावर एकही कथा नव्हती. शोध घेतला तर तिची मालिका जिथल्या तिथे होती, तिच्याच नावाने, तिच्या जुन्या फोटोसह. आता ती तिच्या कथा वाचू शकत होती, त्यांवर अभिप्राय देऊ शकत होती, पण पुढचा भाग जोडणं, चुका दुरुस्त करणं किंवा मालिका काढून टाकणं तिच्या हातात उरलं नव्हतं.

यात कुणाकडून काही यांत्रिक बिघाड झालेला नाही. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. ते ठरलेलं काय असतं, हे समजून घेतलं की पुढचे सगळे परिणाम आपोआप उलगडतात.

फेसबुकने ही सोय २००८ मध्ये ‘फेसबुक कनेक्ट’ या नावाने आणली. पूर्वी बँकेत खातं उघडताना त्या बँकेचा एखादा जुना खातेदार ओळख द्यायला लागायचा. फेसबुक इथे तो ओळख देणारा माणूस असतो. फरक असा की बँकेत ओळख एकदाच लागायची आणि इथे प्रत्येक लॉगिनला तोच माणूस पुन्हा बोलवावा लागतो. फेसबुकचा पासवर्ड त्या अ‍ॅपला कधीच मिळत नाही. अ‍ॅप तुम्हाला फेसबुककडे पाठवतं, फेसबुक तिथे तुमची खात्री करून घेतं आणि अ‍ॅपला एक चिठ्ठी देतं. तिला तंत्रज्ञ टोकन म्हणतात. त्या चिठ्ठीचा मतलब एवढाच की हा अमुक क्रमांकाचा माणूस आहे.

सगळा खेळ या क्रमांकाचा आहे. अ‍ॅप तुमच्या कथा, गाणी, खेळातले गुण हे सगळं त्या क्रमांकाच्या नावे जमा करतं. तुमचं नाव आणि फोटो केवळ दाखवण्यापुरते असतात. २०१४ पासून फेसबुकने त्यात आणखी एक बदल केला. प्रत्येक अ‍ॅपला त्याच माणसाचा वेगवेगळा क्रमांक मिळू लागला, म्हणजे दोन अ‍ॅप्सनी आपापल्या याद्या जुळवून एकाच माणसाचा माग काढू नये. खासगीपणाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता. पण त्यामुळे असंही झालं की तुम्हाला फेसबुकवरच्या आपल्या पानाचा पत्ता तोंडपाठ असला तरी तो पाहून अ‍ॅपच्या ग्राहकसेवेला आपल्या यादीतला माणूस ओळखता येत नाही. तो क्रमांक आणि तुम्ही यांना जोडणारा दुवा फेसबुककडेच असतो. खातं डिलीट केलं की तो दुवाही जातो. त्याच नंबरवर, त्याच नावाने नवं खातं काढलं तरी क्रमांक नवाच मिळतो. म्हणून साताऱ्याच्या त्या लेखिकेला अ‍ॅपने नवी वाचक समजलं. त्याच्या लेखी ती खरोखरच नवी होती.

मग इतके महिने अ‍ॅप चालू कसं राहिलं? कारण एकदा आत घेतल्यावर बहुतेक अ‍ॅप्स फोनवर स्वतःची खूण ठेवतात आणि रोज फेसबुकला विचारायला जात नाहीत. ती खूण फोन बदलल्यावर, अ‍ॅप काढून परत टाकल्यावर, चुकून लॉगआउट केल्यावर किंवा तिची मुदत संपल्यावर पुसली जाते. हे कधी होईल ते सांगता येत नाही. मात्र तोवर फेसबुकची ३० दिवसांची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. डिलीट केल्यावर दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं म्हणून निश्चिंत झालेल्यांची फसगत इथेच होते.

अशा वेळी परतीची वाट एकच असते, ती म्हणजे ईमेल किंवा मोबाइल नंबर. फेसबुकचं बटण दाबताना बहुतेक अ‍ॅप्स क्रमांकासोबत ईमेलही मागून घेतात. तो मिळालेला असेल आणि त्या ईमेलचा ताबा अजून तुमच्याकडे असेल, तर Forgot password वर जाऊन नवा पासवर्ड करता येण्याची चांगली शक्यता असते. स्पॉटिफायने हाच मार्ग ठेवला आहे. फेसबुकने काढलेल्या खात्यालाही, फेसबुकमध्ये नोंदवलेला ईमेल देऊन, पासवर्ड लावून घेता येतो. स्पॉटिफायच्या बाबतीत याला विशेष अर्थ आहे, कारण सप्टेंबर २०११ पासून काही काळ तिथे नव्याने येणाऱ्याला फेसबुक खात्याशिवाय प्रवेशच नव्हता. ती अट २०१२ मध्ये उठली, पण त्या काळात आलेल्यांची खाती जन्मतःच फेसबुकला बांधलेली होती.

भारतात मात्र गोष्ट अनेकदा ईमेलपाशीच अडते. आपल्याकडे असंख्य लोकांनी फेसबुक नुसत्या मोबाइल नंबरवर सुरू केलं. अशा खात्यात ईमेल नसतोच, त्यामुळे फेसबुक अ‍ॅपला तो देऊ शकत नाही, आणि अ‍ॅपकडे क्रमांक, नाव आणि फोटो एवढंच उरतं. काहींच्या खात्यात ईमेल असतो, पण तो कॉलेजच्या दिवसांतला, नेट कॅफेत बसून काढलेला, पासवर्ड केव्हाच विसरलेला. हा प्रकार तर जास्त धोक्याचा आहे. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले ईमेल पत्ते काढून घेऊन ते नव्या लोकांना देण्याची योजना जाहीर केली होती. असा पत्ता दुसऱ्याच्या हाती पडला की Forgot password चा मार्ग त्याच्यासाठीही तितकाच मोकळा होतो.

परतीची वाट मुळातच नसली तर काय होतं, याचा सगळ्यात कठोर नमुना फेसबुकच्याच घरात घडला. ऑक्युलस ही आभासी वास्तवाचे हेडसेट बनवणारी कंपनी फेसबुकने २०१४ मध्ये विकत घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये तिने जाहीर केलं की ऑक्टोबरपासून नव्या वापरकर्त्यांना हेडसेट वापरायला फेसबुकचं खातं लागेल. त्याच ऑक्टोबरमध्ये २९९ डॉलरचा क्वेस्ट २ बाजारात आला. लवकरच लोकांच्या लक्षात आलं की फेसबुकचं खातं डिलीट केलं तर ऑक्युलसवर विकत घेतलेले खेळ आणि जमवलेली कामगिरीसुद्धा जाते. कंपनीनेही ते मान्य केलं. काहींची फेसबुक खाती संशयास्पद ठरवून बंद झाली आणि नवाकोरा हेडसेट हातात असून चालेना. जर्मनीच्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये याच सक्तीची चौकशी सुरू केली. शेवटी ऑगस्ट २०२२ पासून मेटाने वेगळी खाती आणली आणि हेडसेटची फेसबुकपासून सुटका झाली. पैसे मोजून घेतलेली वस्तू आणि चार मित्रांशी गप्पा मारण्याचं ठिकाण यांना एकच कुलूप लावणं मुळातच चुकीचं होतं, आणि ते काढायला कंपनीला जवळजवळ दोन वर्षं लागली.

त्याआधीच, २०१८ मध्ये, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर चव्हाट्यावर आला होता. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती गैरमार्गाने गेली असावी, असं फेसबुकने स्वतःच सांगितलं. मार्चमध्ये फेसबुक डिलीट करण्याची हाक सगळीकडे घुमली. व्हॉट्सअ‍ॅपचे सहसंस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनीही ती जाहीरपणे दिली. तेव्हा बम्बल या जोडीदार शोधण्याच्या अ‍ॅपवर फेसबुकशिवाय जाताच येत नव्हतं. त्या कंपनीने एप्रिलमध्ये फोन नंबरने लॉगिन करण्याची सोय दिली. त्याच एप्रिलच्या सुरुवातीला फेसबुकने आपले नियम कडक केले आणि टिंडरवरचे अनेक लोक एकाएकी बाहेर फेकले गेले. आत जायचा प्रयत्न केला की अ‍ॅप पुन्हा फेसबुककडे पाठवायचं, आणि हे चक्र संपेना. त्यांनी काहीही डिलीट केलेलं नव्हतं.

हेही लक्षात ठेवायला हवं की ओळख देणारा तात्पुरता गायब झाला तरी परिणाम तोच होतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद पडलं. तेव्हा फेसबुकने लॉगिन होणाऱ्या इतर सेवांतही लोकांना शिरता येईना. सप्टेंबर २०२० मध्ये अ‍ॅपल आणि फोर्टनाइट खेळाची कंपनी एपिक यांच्यात जुंपली, तेव्हा अ‍ॅपलच्या बटणाने एपिकच्या खात्यात जाण्याची सोय लवकरच बंद होईल असं एपिकने आपल्या खेळाडूंना कळवलं आणि ईमेल व पासवर्ड आधीच नीट करून ठेवायला सांगितलं. नंतर अ‍ॅपलने ती सोय चालू ठेवली. पण दोन कंपन्यांच्या भांडणात तिसऱ्याचं खातं कसं लटकतं, ते तेव्हा दिसलं.

आता मागे उरणाऱ्या गोष्टींकडे वळू. खातं डिलीट केलं म्हणजे त्याने उघडलेली बाकीची खातीही पुसली गेली, हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. फेसबुक स्वतःकडची माहिती पुसतं. विनंतीपासून त्याला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. ज्या अ‍ॅपला पूर्वी तुमचं नाव, फोटो, ईमेल, जन्मतारीख मिळाली, त्याच्याकडे ती तशीच राहते. तुम्ही तिथे लिहिलेलं, टाकलेलं, साठवलेलंही राहतं. साताऱ्याच्या लेखिकेची मालिका आजही लोक वाचत असतील. मालकीण बाहेर आणि घर उघडं, अशी ही अवस्था आहे.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मात्र ही मागणी त्या अ‍ॅपच्या कंपनीकडे करायची असते, फेसबुककडे नाही. आणि मागणी करणारा तोच माणूस आहे याची खात्री कंपनीला करून घ्यावीच लागते, नाहीतर कुणीही कुणाचंही खातं पुसायला लावेल. म्हणजे प्रश्न फिरून तिथेच येतो. ओळख पटवायची कशी?

पैशाचा हिशोबही वेगळा चालतो. लॉगिन बंद झालं म्हणून वर्गणी बंद होत नाही. दर महिन्याला पैसे कापण्याची परवानगी तुम्ही कार्डावर किंवा यूपीआय ऑटोपेवर दिलेली असते आणि तिचा फेसबुकशी काही संबंध नसतो. अ‍ॅप उघडत नाही, पैसे मात्र जात राहतात, असं सहज घडतं. दिलासा इतकाच की पैसे थांबवायला अ‍ॅपमध्ये शिरावं लागत नाही. ऑटोपे असेल तर ज्या यूपीआय अ‍ॅपवर मंजुरी दिली तिथेच ती रद्द करता येते. प्ले स्टोअरमधून वर्गणी घेतली असेल तर प्ले स्टोअरमध्येच सबस्क्रिप्शनच्या यादीत ती थांबवता येते. कार्डावर असेल तर बँकेकडे. या पावत्या मात्र जपून ठेवाव्यात. खातं तुमचंच होतं याचा पुरावा म्हणून ग्राहकसेवेपुढे ठेवायला याहून भक्कम कागद सहसा हाती नसतो.

गुगलचं खातं डिलीट करणं याहून जड पडतं. फेसबुक गेलं तर बटण जातं, पण ईमेल बहुधा शिल्लक असतो. गुगल खातं गेलं तर बटणही जातं आणि पासवर्ड बदलायची लिंक ज्या जीमेलवर येणार तो पत्ताही जातो. एकदा डिलीट झालेला जीमेल पत्ता नव्याने कुणालाच, म्हणजे मूळ मालकालाही, घेता येत नाही. शिवाय गुगल खातं न वापरताही जाऊ शकतं. दोन वर्षं ज्या वैयक्तिक खात्यात काहीच हालचाल नाही ते काढून टाकण्याचा नियम कंपनीने १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आणला. गुगलने दुसऱ्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करणं हीसुद्धा हालचाल धरली जाते. पण एकदा लॉगिन करून अ‍ॅप वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवणाऱ्याने जुन्या, बाजूला पडलेल्या जीमेलमध्ये अधूनमधून डोकावलेलं बरं.

ज्यांना फेसबुक सोडायचंच आहे, त्यांनी सोडू नये असं कुणी म्हणणार नाही. फक्त कामाचा क्रम उलटा होता कामा नये. डिलीटचं बटण सगळ्यात शेवटी.

पहिलं काम यादीचं. कुठल्या कुठल्या अ‍ॅपवर आपण फेसबुकने गेलो, हे आठवणीने कुणालाच सांगता येत नाही. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये Apps and websites नावाचं पान आहे, तिथे ही यादी मिळते. पाहताना नुसती सध्या चालू असलेली नावं बघून थांबू नये. ज्या अ‍ॅपवर ९० दिवसांत फेसबुकने लॉगिन झालेलं नाही त्याची परवानगी फेसबुक मुदत संपलेली म्हणून बाजूला काढतं, आणि ती नावं वेगळ्या विभागात दिसतात. विसरलेली खाती नेमकी त्यातच सापडतात. कुठला तरी फोटो छापून देणारा, कुठला परीक्षेच्या तयारीचा वर्ग, मुलाने खेळलेला खेळ. ही यादी खात्याच्या आतच असते आणि खात्याबरोबर तीही नाहीशी होते, म्हणून सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट आधीच काढून फेसबुकच्या बाहेर कुठेतरी ठेवावेत.

मग यादीतलं एक एक नाव घ्यायचं. अ‍ॅप उघडून त्याच्या खात्याच्या माहितीत काय आहे ते पाहायचं. ईमेलची जागा रिकामी असेल किंवा तिथे जुना पत्ता असेल तर आजचा चालू पत्ता घालायचा आणि त्यावर आलेल्या लिंकने तो पक्का करायचा. फोन नंबर जोडण्याची सोय असेल तर तोही जोडायचा. पासवर्ड लावता येत असेल तर लावायचा. हे सगळं तुम्ही आत असेपर्यंतच करता येतं, कारण आत असणं हीच त्या वेळी तुमची ओळख असते. एकदा बाहेर पडल्यावर तेच काम ग्राहकसेवेच्या दयेवर जातं.

इतकं करून थांबू नये, नवी वाट खरंच चालते का ते पाहावं. त्यासाठी लॉगआउट करायची गरज नाही, उलट तो धोका पत्करूच नये. संगणकावर किंवा फोनवर ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडायची, त्या सेवेच्या संकेतस्थळावर जायचं आणि फेसबुकला हात न लावता ईमेल-पासवर्डने किंवा ओटीपीने आत शिरून पाहायचं. तुमच्याच कथा, तुमचीच गाणी, तुमच्याच मागच्या खरेदीची नोंद दिसली तर काम झालं. रिकामं, नवंकोरं खातं दिसलं तर समजायचं की अ‍ॅपने याच ईमेलवर दुसरं खातं उघडून दिलंय आणि जुनं अजून फेसबुकलाच बांधलेलं आहे. आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंकऐवजी ‘हे खातं फेसबुकने काढलं आहे, तिथूनच लॉगिन करा’ असा निरोप आला, तर त्या अ‍ॅपला दुसरं दारच नाही. मग लॉगिन चालू असतानाच ग्राहकसेवेला आतूनच लिहावं, किंवा जे हवं ते उतरवून घ्यावं आणि ते खातं स्वतःच्या हाताने बंद करावं. ज्या अ‍ॅपमध्ये खातं काढता येतं, त्यात ते बंद करण्याचीही सोय हवी, असा अ‍ॅपल आणि गुगल या दोन्ही अ‍ॅप दुकानांचा नियम आहे.

ज्यांचा निर्णय पक्का होत नाही, त्यांच्यासाठी खातं तात्पुरतं बंद ठेवण्याचा, म्हणजे डीअ‍ॅक्टिव्हेट करण्याचा पर्याय आहे. त्यात इतर अ‍ॅप्सचं लॉगिन तुटत नाही. पण त्यातही एक मेख आहे. बंद ठेवलेल्या फेसबुक खात्याने दुसऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये लॉगिन केलं की ते फेसबुक खातं पुन्हा चालू होतं. आपण फेसबुकला हातही लावला नाही आणि मित्रांना आपण परत दिसायला लागलो, असं कोड्यात पडणाऱ्यांनी आधी गाण्याचं किंवा खेळाचं अ‍ॅप आठवावं.

आणि ज्यांचं खातं आधीच डिलीट झालंय? ३० दिवस झाले नसतील तर आजच लॉगिन करून विनंती रद्द करावी, वरची कामं उरकावीत आणि मग निवांतपणे पुन्हा डिलीट करावं. मुदत टळली असेल तर नवं फेसबुक खातं काढण्यात वेळ घालवू नये, त्याने फक्त आणखी एक रिकामं खातं तयार होतं. आधी जुने सगळे ईमेल पत्ते वापरून पासवर्ड बदलून पाहावा. एखाद्या जुन्या फोनवर किंवा टॅबवर ते अ‍ॅप अजून आत असेल तर त्याला सोन्यासारखं जपावं. त्यावर लॉगआउट करू नये, अ‍ॅप काढू नये, फोन रीसेट करू नये. त्याच पडद्यावरून ईमेल आणि नंबर बदलून घ्यावा. तेही नसेल तर ग्राहकसेवेला लिहिताना फक्त ‘माझं फेसबुक गेलं’ एवढंच लिहून उपयोग होत नाही. खात्यावर दिसणारं नाव आणि त्या पानाची लिंक, खातं साधारण कधी काढलं, शेवटचं कधी वापरलं, कुठला फोन होता, पैसे भरले असतील तर पावतीवरचा ऑर्डर क्रमांक, अप्रकाशित मसुद्यांची नावं असं जे फक्त मालकालाच ठाऊक असू शकतं ते एकाच पत्रात द्यावं. पासवर्ड, ओटीपी किंवा पूर्ण कार्ड नंबर मात्र कुणालाही देऊ नये. अशा अडलेल्या माणसांना ‘खातं परत मिळवून देतो’ म्हणत गाठणारे ठग समाजमाध्यमांवर टपलेलेच असतात.

लेखिकेच्या गोष्टीत दोष फक्त तिच्या पदरात टाकून चालणार नाही. फेसबुकच्या क्रमांकावर खातं उघडून देणाऱ्या अ‍ॅपने पहिल्या आठवड्यातच तिचा ईमेल किंवा नंबर मागून घ्यायला हवा होता. ओटीपी आज गल्लीतल्या दुकानाचं अ‍ॅपसुद्धा पाठवतं. ज्या मराठी माणसांच्या हाती असं एखादं अ‍ॅप बांधण्याचं काम आहे, त्यांनी आपल्या यादीत ईमेलही नाही आणि नंबरही नाही अशी किती माणसं आहेत ते एकदा पाहावं, आणि ती आत आहेत तोवरच त्यांना दुसरं दार देऊन टाकावं.